कशाचे मिलिग्रॅम, कशाचा लीटर

आदिलाबाद जिल्ह्यातल्या भीमपूर मंडलाच्या उत्तरेला पैनगंगा वाहते आणि नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्हा सुरू होतो. दोन्ही काठांवर घरात मराठी बोलणारी मुले अकरावीला विज्ञान घेतात. अलीकडची मुले तेलंगणाच्या इंटरमीजिएटची परीक्षा देतात, पलीकडची महाराष्ट्र बोर्डाची. पुस्तके वेगळी आणि पेपरही वेगळे, पण मोल आणि संहतीच्या गणितांत दोन्हीकडच्या मुलांचे मार्क एकाच जागी जातात. आकडेमोड बहुतेकांची बरोबर असते. चुकते ते एकक, आणि तेही ‘ग्रॅमच्या जागी किलोग्रॅम’ असे ढोबळ नव्हे. ग्रॅम लिहिलेला असतो, पण तो कशाचा ग्रॅम हे लिहिलेले नसते. लीटर असतो, पण तो पाण्याचा की द्रावणाचा हे कोणी विचारलेले नसते.

या पुस्तिकेत म्हणून गणिते थोडी आहेत आणि प्रत्येक गणित सावकाश, पायरी पायरीने सोडवले आहे. उत्तराच्या शेजारी त्याच गणिताचे एक चुकीचे उत्तरही छापले आहे आणि ज्या ओळीत एकक घसरले तिथे लाल झेंडी लावली आहे. चुकीचे उत्तर छापू नये, मुले तेच पाठ करतात, असे मानणारे शिक्षक आहेत. त्यांची भीती निराधार नाही. पण एककाची चूक बरोबर उत्तर वाचून कळत नाही. ती चुकलेल्या ओळीवर बोट ठेवूनच दाखवावी लागते.

गणितांसाठी उदाहरण निवडले ते पिण्याच्या पाण्यातल्या फ्लोराइडचे. पैनगंगेच्या परिसरात हा विषय परका नाही. यवतमाळच्या पांढरकवडा आणि झरी जामणी भागातल्या कूपनलिकांत फ्लोराइड जास्त असल्याचे अनेक वर्षे माहीत आहे, आणि दातांवरचे पिवळट तपकिरी पट्टे म्हणजे काय, हे तिथल्या लोकांना पुस्तकातून शिकावे लागत नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आयएस १०५०० आहे. त्यात फ्लोराइडची स्वीकार्य मर्यादा लीटरला १.० मिलिग्रॅम दिली आहे, आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेतले आहे. एक आणि दीड यांच्यात फरक अर्ध्या मिलिग्रॅमचा. या अर्ध्या मिलिग्रॅमच्या आत एककाची एक चूक सहज मावते आणि चांगल्या विहिरीला वाईट ठरवून जाते. ती कशी, हे या प्रस्तावनेत एक गणित शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

आधी मोलबद्दल दोन शब्द. मोल म्हणजे मोजणी. २० मे २०१९ पासून एक मोल म्हणजे नेमके ६.०२२१४०७६ × १०²³ कण, अशी व्याख्या लागू आहे. त्याआधी ती १२ ग्रॅम कार्बन-१२ मधल्या अणूंवर टांगलेली होती. बारा ग्रॅम कार्बनची जुनी व्याख्या अजून काही गाइडांत सापडते. तिने गणिताचे उत्तर बदलत नाही, तेव्हा त्यावर भांडत बसू नये. लक्षात ठेवायचे ते एवढेच की वजनकाटा ग्रॅम सांगतो आणि रसायने कणांच्या हिशेबाने वागतात. या दोघांमधला भाव म्हणजे मोलर वस्तुमान. फ्लोराइडचा एक मोल १९.०० ग्रॅमचा, सोडिअम फ्लोराइडचा ४१.९९ ग्रॅमचा. तपासणी अहवालात फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम प्रति लीटर लिहिले असेल, तर १.५ ला १९.०० ने भागून ०.०७९ मिलिमोल प्रति लीटर मिळते. त्या पाण्याच्या २०० मिलिलीटरच्या एका पेल्यात साधारण ९.५ × १०¹⁸ फ्लोराइड आयन असतात. आकडा अवाढव्य दिसतो, पण त्याचे वजन भरते जेमतेम ०.३ मिलिग्रॅम.

आता मुख्य गणित. प्रयोगशाळेत पाण्यातले फ्लोराइड मोजायचे तर आधी ज्याची संहती पक्की माहीत आहे असे द्रावण हाताशी लागते. ते सोडिअम फ्लोराइडपासून करतात. प्रश्न असा: लीटरला १०० मिलिग्रॅम फ्लोराइड असलेले १ लीटर द्रावण करायचे आहे, तर निर्जल सोडिअम फ्लोराइड, म्हणजे NaF, किती तोलावे?

पुस्तिकेत हे असे सोडवले आहे.

पहिली पायरी: हवे असलेले फ्लोराइड = १०० मिलिग्रॅम फ्लोराइड = ०.१००० ग्रॅम फ्लोराइड.

दुसरी पायरी: ०.१००० ग्रॅम फ्लोराइड ÷ १९.०० ग्रॅम फ्लोराइड प्रति मोल = ०.००५२६३ मोल फ्लोराइड.

तिसरी पायरी: NaF च्या एका मोलातून फ्लोराइडचा एक मोल मिळतो, म्हणून लागणारे NaF = ०.००५२६३ मोल.

चौथी पायरी: ०.००५२६३ मोल NaF × ४१.९९ ग्रॅम NaF प्रति मोल = ०.२२१० ग्रॅम NaF.

म्हणजे २२१ मिलिग्रॅम. पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांच्या कृतींत हाच आकडा असतो. कित्येकांना तो पाठ असतो, पण तो २२१ च का, हे विचारले तर सांगता येत नाही. तिसरी पायरी अनेक मुले मनात करतात आणि कागदावर लिहीत नाहीत. इथे एकास एक प्रमाण आहे म्हणून निभावते. कॅल्शिअम फ्लोराइड असते तर एका मोलातून दोन मोल फ्लोराइड निघाले असते आणि न लिहिलेल्या पायरीने उत्तर दुप्पट झाले असते. म्हणून ती पायरी प्रत्येक गणितात लिहिली आहे, जिथे ती उघड आहे तिथेही.

आता शेजारचे चुकीचे उत्तर. ‘१०० मिलिग्रॅम प्रति लीटर हवे, म्हणून १०० मिलिग्रॅम NaF तोलून १ लीटर करा.’ एकच ओळ आहे, आणि ती वाचताना काहीच खटकत नाही. मिलिग्रॅम आहे, लीटर आहे. लाल झेंडी लागते ती ‘मिलिग्रॅम’ या शब्दावर, कारण प्रश्नातले मिलिग्रॅम फ्लोराइडचे आहेत आणि काट्यावरचे सोडिअम फ्लोराइडचे. दुसरा एक नमुना जास्त फसवा आहे. त्यात मुलगा मोल काढतो, पण ०.१००० ला १९.०० ऐवजी ४१.९९ ने भागतो, मग ४१.९९ ने गुणतो आणि पुन्हा ०.१००० वर येऊन पोहोचतो. नुसते ‘ग्रॅम’ लिहिले तर ग्रॅमने ग्रॅम कटतो आणि उत्तर शुद्ध दिसते. ‘ग्रॅम फ्लोराइड’ आणि ‘ग्रॅम NaF’ असे लिहिले तर ते एकमेकांना कटत नाहीत, आणि ओळ तिथेच अडते. पुस्तिकेत प्रत्येक ग्रॅमपुढे पदार्थाचे नाव लिहिण्याचा हट्ट धरला आहे तो यासाठीच. कागद जास्त लागतो, हे मान्य.

१०० मिलिग्रॅम NaF मध्ये फ्लोराइड किती असते? १०० × १९.०० ÷ ४१.९९, म्हणजे ४५.२ मिलिग्रॅम. बाटलीवर चिठ्ठी १०० ची आणि आत ४५.२. या बाटलीतून पुढची सगळी पातळ द्रावणे होणार. ०.२, ०.५, १.० अशा चिठ्ठ्या लागणार आणि प्रत्येकीच्या आत चिठ्ठीवरच्या आकड्याच्या ०.४५ पटच फ्लोराइड असणार.

फ्लोराइड मोजण्याची एक जुनी पद्धत रंगावर चालते. झिर्कोनिअम आणि स्पॅड्न्स नावाचे रंगद्रव्य यांचे मिळून लाल द्रावण होते. फ्लोराइड त्यातले झिर्कोनिअम आपल्याकडे ओढून घेतो आणि रंग फिका पडतो. जितके फ्लोराइड जास्त, तितका रंग कमी. कलरीमीटरवर हा फिकेपणा मोजायचा, माहीत असलेल्या द्रावणांचे बिंदू आलेख कागदावर मांडून रेषा काढायची आणि विहिरीच्या पाण्याचा बिंदू त्या रेषेवर वाचायचा. रेषा लीटरला साधारण १.४ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढचे पाणी आधी पातळ करून घ्यावे लागते.

आता चुकीच्या बाटलीतून ही रेषा काढली असे धरू. बिंदू अगदी एका ओळीत बसतात. बसणारच, कारण सगळे बिंदू एकाच पटीने चुकले आहेत. वहीत आलेख सुंदर दिसतो, शिक्षक शेरा देतात. मग एका विहिरीचे पाणी मोजले जाते. त्यात खरोखर ०.६० मिलिग्रॅम प्रति लीटर फ्लोराइड आहे, म्हणजे पाणी चांगले आहे. पण रेषेवर वाचन मिळते ०.६० ÷ ०.४५२, म्हणजे १.३३. स्वीकार्य मर्यादा ओलांडली. अहवालात विहीर दोषी ठरते आणि तिच्यात दोष काहीच नाही.

याहून वाईट पुढे आहे. चूक पकडण्यासाठी प्रयोगशाळेत एक तपासणी करतात. नमुन्यात माहीत असलेले फ्लोराइड थोडे मुद्दाम घालायचे आणि वाचन तेवढ्यानेच वाढते का ते पाहायचे. समजा त्याच बाटलीतून लीटरला ०.०५ मिलिग्रॅम वाढेल इतके घातले. खरी वाढ होते ०.०२२६ ची. पण चुकीच्या रेषेवर तिचे वाचन होते ०.०५. घातलेले सगळे परत मिळाले! तपासणी पास. चूक दोन्ही बाजूंना सारखीच असल्यामुळे ती स्वतःला झाकून घेते. रेषा सरळ आहे आणि भर घातलेलीही पुरी मिळते, या दोन्ही गोष्टींनी उत्तर बरोबर आहे असे सिद्ध होत नाही. ते सिद्ध करायला दुसऱ्या हातांनी, दुसऱ्या डबीतून, वेगळे तोलून केलेले द्रावण लागते. ते रेषेवर १.०० च्या ऐवजी २.२१ वाचले की समजावे, आपल्या बाटलीत तोलताना मोलर वस्तुमान विसरले गेले. २.२१ हा आकडाच चुकीचे नाव सांगतो, कारण ४१.९९ ला १९.०० ने भागले की तोच येतो. उत्तर अपेक्षेपेक्षा कितीपट चुकले आहे हे काढून बघण्याची सवय लागली की बऱ्याच चुका अशा आपणच आपले नाव सांगतात.

सोडिअम फ्लोराइड विषारी आहे. अकरावीच्या वर्गात ते मुलांच्या हातात देण्याचे कारण नाही. हेच गणित साध्या मिठाने करता येते. लीटरला १०० मिलिग्रॅम क्लोराइड हवे तर NaCl किती? १०० × ५८.४४ ÷ ३५.४५, म्हणजे १६४.९ मिलिग्रॅम. शेजारच्या मुलाने १०० मिलिग्रॅम तोलले असेल तर दोघांची द्रावणे सिल्व्हर नायट्रेटने टायट्रेट करावीत. ब्युरेटच्या वाचनात १.६५ पटींचा फरक डोळ्यांना दिसतो. ज्यांना फ्लोराइडचे द्रावण करावेच लागते त्यांनी ते प्लास्टिकच्या बाटलीत ठेवावे, काचेच्या नाही. फ्लोराइड काचेशी हळूहळू खेळ करतो.

‘कशाचे मिलिग्रॅम’ हा प्रश्न फ्लोराइडपुरता नाही. कापसाच्या शेतांमधल्या विहिरीत खतांमुळे नायट्रेट वाढते. आपल्या मानकात त्याची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लीटर आहे. अमेरिकेच्या नियमात ती १० मिलिग्रॅम प्रति लीटर आहे. हे वाचून ‘त्यांचे नियम साडेचारपट कडक’ असा निष्कर्ष काढणारा भेटतो. आपले ४५ मिलिग्रॅम नायट्रेटचे आहेत, त्यांचे १० मिलिग्रॅम नायट्रेटमधल्या नुसत्या नायट्रोजनचे. ४५ ला ६२.०० ने भागून १४.०१ ने गुणले की १०.२ येतात. मोलमध्ये लिहिले असते तर दोन्हीकडे ०.७ मिलिमोलच दिसले असते आणि वादच झाला नसता.

दुसरा प्रश्न, ‘कशाचा लीटर’. इथली पहिली चूक हाताची आहे, कागदाची नंतर. लीटरला १० मिलिग्रॅमच्या द्रावणातून १.०० चे १०० मिलिलीटर करायचे. सूत्र सगळ्यांना येते: C₁V₁ = C₂V₂. उत्तर १० मिलिलीटर. मग मुलगा पिपेटने १० मिलिलीटर घेतो आणि मोजपात्रातले १०० मिलिलीटर पाणी त्यात ओततो. झाले ११० मिलिलीटर. संहती ०.९१, चिठ्ठी १.०० ची. सूत्रातला V₂ हा शेवटच्या द्रावणाचा आहे, ओतलेल्या पाण्याचा नाही. व्हॉल्यूमेट्रिक फ्लास्कच्या मानेवर रेघ असते ती याचसाठी. आधी १० मिलिलीटर, मग रेघेपर्यंत पाणी. ही चूक तोलण्याच्या चुकीपेक्षा प्रामाणिक आहे, ती लपत नाही. २ मिलिलीटर घेतले तर २ टक्के तूट, १४ घेतले तर १२ टक्क्यांवर, म्हणजे प्रत्येक बिंदू वेगळ्या पटीने चुकतो आणि रेषा वाकते. वाकलेली रेषा पाहून कलरीमीटरला दोष देण्याआधी फ्लास्क कसा भरला हे विचारावे.

कागदावरची चूक मोलॅरिटी आणि मोलॅलिटीची. पहिलीत द्रावणाचा लीटर, दुसरीत द्रावकाचा किलोग्रॅम. व्याख्या तोंडपाठ असते. तरी गणितात अदलाबदल होते, कारण पातळ द्रावणात दोन्ही आकडे जवळजवळ सारखे येतात आणि फरक का करायचा हेच मुलांना पटत नाही. म्हणून पुस्तिकेत एकच पदार्थ दोन संहतींत घेतला आहे, युरिया.

पहिला युरिया शेतातला. कापसाला फुलोऱ्यात २ टक्के युरियाची फवारणी करतात. १५ लीटरच्या पंपाला ३०० ग्रॅम. वजनाने २ टक्के धरले तर १ किलो द्रावणात २० ग्रॅम युरिया आणि ९८० ग्रॅम पाणी. युरियाचे मोलर वस्तुमान ६०.०६, म्हणजे ०.३३३ मोल. मोलॅलिटी ०.३३३ ÷ ०.९८०, म्हणजे ०.३४०. मोलॅरिटी ०.३३ च्या आसपास. फरक दोन टक्क्यांचा. पंप भरणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही, आणि बिघडू नये.

दुसरा युरिया रस्त्यावरचा. नागपूरहून हैदराबादला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ आदिलाबाद जिल्ह्यातून जातो. बीएस-६ आल्यापासून त्यावरच्या डिझेल ट्रकांच्या डीईएफच्या टाकीत युरियाचेच द्रावण असते, वजनाने ३२.५ टक्के, घनता साधारण १.०९ किलोग्रॅम प्रति लीटर.

पहिली पायरी: १ किलोग्रॅम द्रावण घेऊ. युरिया ३२५ ग्रॅम, पाणी ६७५ ग्रॅम.

दुसरी पायरी: ३२५ ग्रॅम युरिया ÷ ६०.०६ ग्रॅम युरिया प्रति मोल = ५.४१ मोल युरिया.

तिसरी पायरी, मोलॅलिटी: ५.४१ मोल ÷ ०.६७५ किलोग्रॅम पाणी = ८.०२ मोल प्रति किलोग्रॅम पाणी.

चौथी पायरी, द्रावणाचे आकारमान: १ किलोग्रॅम द्रावण ÷ १.०९ किलोग्रॅम प्रति लीटर = ०.९१७ लीटर द्रावण.

पाचवी पायरी, मोलॅरिटी: ५.४१ मोल ÷ ०.९१७ लीटर द्रावण = ५.९० मोल प्रति लीटर द्रावण.

५.९० आणि ८.०२. एकच बाटली, छत्तीस टक्क्यांचा फरक. इथे मुलांचे सर्वांत आवडते चुकीचे उत्तर ५.४१ असते. ते मोलॅरिटी म्हणूनही लिहिले जाते आणि मोलॅलिटी म्हणूनही. खरे तर ते दोन्हींपैकी काहीच नाही. ते आहे द्रावणाच्या एका किलोग्रॅममधले मोल. लाल झेंडी ज्या ओळीवर आहे तिथे मुलाने ‘१ किलोग्रॅम = १ लीटर’ असे मनात धरलेले असते. पाण्यासाठी आणि २ टक्के फवाऱ्यासाठी ते चालून गेले होते म्हणून सवय पडली. याच सवयीमुळे पीपीएम आणि मिलिग्रॅम प्रति लीटर ही एकच गोष्ट वाटते. विहिरीच्या पाण्यात ती एकच आहे असे धरायला हरकत नाही. डीईएफच्या टाकीत नाही.

आणखी एका चुकीचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तिच्यावर सगळीकडे लिहिलेले आहे: हजाराची. मिलिलीटर लीटरमध्ये न बदलता भागाकार करणे, किंवा मिलिमोलमधला ‘मिलि’ गाळणे. नियम सांगून ती सुटत नाही. उत्तर आल्यावर ते पदार्थाच्या विद्राव्यतेशी ताडून पाहिले तर सुटते. वरच्या सोडिअम फ्लोराइडच्या गणितात ५.२६३ मिलिमोल प्रति लीटरऐवजी कोणी ५.२६३ मोल प्रति लीटर लिहिले, तर त्याचा अर्थ लीटरभर द्रावणात २२१ ग्रॅम NaF. पाण्यात लीटरला साधारण ४० ग्रॅमच विरघळते, म्हणजे १ मोलरच्या आसपास. बाकीचे तळाशी बसेल. अशक्य उत्तर आहे हे कागदावरच कळले.

शेवटच्या भागातल्या गणितांबद्दल सांगणे आवश्यक आहे, कारण ती पाहून ‘उत्तर चुकले आहे’ अशी तक्रार येईल. त्या भागात पाण्यातले फ्लोराइड काढण्याचे उदाहरण आहे. नागपूरच्या नीरी या संस्थेने विकसित केलेली पद्धत नालगोंडा पद्धत म्हणून ओळखली जाते. पाण्यात चुना आणि फटकी, म्हणजे ॲल्युमिनिअम सल्फेट, घालायचे, ढवळायचे, गाळ बसू द्यायचा आणि वरचे पाणी गाळून घ्यायचे. मुलांना वाटते, हे तर सोपे: ॲल्युमिनिअमच्या एका मोलाला फ्लोराइडचे तीन मोल, AlF₃.

तसे करून पाहू. लीटरमधून २ मिलिग्रॅम फ्लोराइड काढायचे. २ ÷ १९.०० = ०.१०५ मिलिमोल फ्लोराइड. तिनाने भागले तर ०.०३५ मिलिमोल ॲल्युमिनिअम. फटकी १८ रेणू पाण्याची, Al₂(SO₄)₃·१८H₂O, मोलर वस्तुमान ६६६.४ आणि एका मोलात दोन मोल ॲल्युमिनिअम. म्हणून ०.०३५ × ३३३.२, म्हणजे लीटरला ११.७ मिलिग्रॅम फटकी. इथेही एक झेंडी आहे: पाण्याचे रेणू विसरून ३४२.१५ घेतले तर उत्तर ६.० येते, निम्मेच. पण खरी गोष्ट पुढे आहे. प्रत्यक्षात या कामाला लागणारी फटकी शेकडो मिलिग्रॅमच्या घरात असते. सूत्राने काढलेला ११.७ पायरी पायरीने निर्दोष आहे, एककेही कटतात, आणि तरी तेवढ्या फटकीने पाणी सुधारत नाही.

कारण इथे AlF₃ तयार होऊन तळाशी बसत नाही. फटकी आणि चुन्यामुळे ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडचे फुललेले, चिकट पुंजके होतात आणि फ्लोराइड त्यांच्या अंगाला चिकटून खाली जातो. किती चिकटेल हे पाण्याच्या अल्कतेवर, सामूवर आणि सुरुवातीच्या फ्लोराइडवर ठरते. म्हणून फटकीचे प्रमाण समीकरणावरून काढत नाहीत. ते फ्लोराइड आणि अल्कता यांच्या तक्त्यावरून घेतात, आणि शक्य असेल तेव्हा त्याच विहिरीच्या पाण्याचे चार-पाच बीकर ओळीने ठेवून, प्रत्येकात वेगळी मात्रा टाकून, ढवळून, उरलेले फ्लोराइड मोजून ठरवतात. अशा गणितांपुढे पुस्तिकेत मोलने काढलेले उत्तर दिले आहे, आणि त्याच्या खाली निळ्या अक्षरात लिहिले आहे की हे कमीत कमी किती हे सांगते, किती घालावे हे नाही. बीकरमधले उरलेले फ्लोराइड मात्र पुन्हा त्या रेषेवरच वाचायचे असते, आणि ती रेषा २२१ मिलिग्रॅम तोलून काढलेली असावी लागते.